बडवलेला गोऱ्हा, २०४ सेंटिमीटरचा माणूस आणि ८० वर्षं टिकलेलं अर्धवट अनुमान

मागच्या दिवाळीत भोकरदनला घरी गेलो होतो, तेव्हा मावसभावाने विचारलं, "दादा, तू हार्मोनवरच पीएचडी करतोस ना? मग सांग, उंची वाढायचं इंजेक्शन असतं का?" तो तेव्हा १७ वर्षांचा होता. पोलीस भरतीची तयारी चालली होती. मुलांसाठी शिपाईपदाची उंचीची अट १६५ सेंटिमीटर, आणि हा भरत होता साडेत्रेसष्ट. तालमीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, पुरुषी हार्मोन आहे, अंगही भरेल आणि उंचीही वाढेल. मी त्याला घाईघाईने "नको घेऊ" एवढंच म्हणालो. का नको, हे पाच मिनिटांत सांगता आलं नाही. कारण त्या 'का'च्या मागे बराच मोठा इतिहास आहे, आणि संशोधनाला निघालेल्या माणसाने तो एकदा तरी नीट वाचावा असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

सुरुवात गोठ्यातूनच करू. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते: गोऱ्हा फार कोवळेपणी बडवला तर तो पायात उंच होतो, पण मान आणि वशिंड भरत नाही. औताला जोर पाहिजे असेल तर थोडं थांबून खच्ची करतात. म्हणजे वृषणं काढली किंवा निकामी केली की हाडं जास्त काळ लांब होत राहतात, हे निरीक्षण कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जुनं आहे.

माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट वैद्यकाने मोजून पाहिली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रशियात स्कोप्त्सी नावाचा एक पंथ होता. त्यातले पुरुष धार्मिक श्रद्धेपोटी स्वतःचं खच्चीकरण करून घेत. छळामुळे त्यांच्यातले बरेच जण रुमानियात जाऊन राहिले होते. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ युलियस टांडलर आणि त्यांचे सहकारी झीगफ्रीड ग्रोस यांनी त्यांची तपासणी केली आणि १९०९-१० च्या सुमारास निष्कर्ष छापले. ज्यांचं खच्चीकरण लहानपणी झालं होतं, त्यांचे हातपाय धडाच्या मानाने लांब होते आणि हाडांच्या टोकांजवळचे सांधे ज्या वयात मिटायला हवेत त्या वयातही मिटलेले नव्हते.

इथे दोन शब्द 'सांधे मिटणं' म्हणजे काय यावर. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. त्या पट्टीत कूर्चेच्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रांगांनी उभ्या असतात. एका बाजूला पेशी दुप्पट होत राहतात, दुसऱ्या बाजूला त्या फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड भरतं. असं करत हाड लांब होत जातं. पौगंडाच्या शेवटी ही पट्टी झिजून संपते, तिच्या दोन्ही बाजूंचं हाड एकमेकांना जोडलं जातं, आणि उंची तिथेच थांबते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, त्यामुळे उघडी पट्टी काळ्या फटीसारखी दिसते. मिटली की फट जाते आणि काही काळ तिथे एक बारीक पांढरी रेघ उरते.

आता टांडलरच्या निरीक्षणावरून सगळ्यांनी काय अनुमान काढलं ते पाहा. वृषणं नाहीत, तर पट्टी मिटत नाही. म्हणजे वृषणातून जे काही येतं तेच पट्टी मिटवतं. १९३५ मध्ये आम्सटरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने वृषणातून टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं आणि त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिका यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत बनवलं. झालं. वृषणातलं 'जे काही' सापडलं. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन पट्ट्या मिटवतं आणि मुलींमध्ये इस्ट्रोजेन, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. एमएस्सीला मी स्वतः एका जुन्या पुस्तकातून हेच पाठ केलं होतं आणि परीक्षेत गुणही मिळवले होते.

या अनुमानात एक भोक आहे, आणि ते दिसायला अवघड नाही. वृषणं काढली की फक्त टेस्टोस्टेरॉन जात नाही. टेस्टोस्टेरॉनपासून पुढे जे जे बनतं, तेही सगळं जातं. आणि टेस्टोस्टेरॉनपासून पुढे बनणाऱ्या गोष्टींत इस्ट्रोजेन आहे.

हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं समजू नका. १९३४ मध्येच बर्नहार्ड झोंडेक यांनी घोड्याच्या, म्हणजे चक्क नराच्या, मूत्रात भरपूर इस्ट्रोजेन असल्याचं दाखवलं होतं. १९३७ मध्ये स्टाइनाख आणि कुन यांनी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन टोचलं आणि त्यांच्या मूत्रात इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य वाढल्याचं छापलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी केनेथ रायन यांनी मानवी वारेच्या ऊतीत हे रूपांतर होताना दाखवलं. हे रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला आज अरोमाटेज म्हणतात. ते पुरुषाच्या चरबीत, हाडात, मेंदूत, वृषणात, सगळीकडे थोडं थोडं असतं. निरोगी पुरुषाच्या रक्तातलं इस्ट्रोजेन बहुतांशी वृषणाबाहेर, टेस्टोस्टेरॉनचं असं रूपांतर होऊनच तयार होतं. वृषणातून ते थेट येतं त्याचा वाटा लहान.

मग भोक दिसत असूनही इतकी वर्षं ते बुजवायला कुणी का गेलं नाही? माझं मत असं की नावाने घात केला. एकदा एखाद्या रेणूला 'स्त्री-हार्मोन' म्हटलं की पुरुषात सापडलेलं ते म्हणजे गळती, वाया गेलेला माल, असंच वाटत राहतं. त्याला काही काम असेल हे डोक्यातच येत नाही.

एक पुरावा तर अगदी समोर पडलेला होता. काही व्यक्तींचे गुणसूत्र एक्सवाय असतात, पोटात वृषणं असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर बनतं, पण ते ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीतला ग्राही, जन्मतः निकामी असतो. टेस्टोस्टेरॉनचा निरोप कुठल्याच पेशीला पोचत नाही, म्हणून शरीर बाहेरून स्त्रीचं घडतं. जुना सिद्धांत बरोबर असता तर यांच्या ग्रोथ प्लेट उघड्याच राहायला हव्या होत्या. पण तसं होत नाही. त्यांना पौगंडात उंचीची उसळी येते आणि पट्ट्याही मिटतात. झुरिकच्या त्साखमान आणि प्राडर यांच्या गटाने १९८६ मध्ये अशा रुग्णांच्या वाढीचे तक्ते मांडले आणि म्हटलं की हे काम इस्ट्रोजेन करत असावं. गंमत पाहा, त्यांनी निष्कर्ष शीर्षकातच मुलींच्या वाढीपुरता ठेवला. मुलांबद्दल तोच प्रश्न विचारायला अजून आठ वर्षं जायची होती.

त्या आठ वर्षांत दुसरीच एक समजूत आड येत होती. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर नसलेला गर्भ जगूच शकणार नाही, असं बरेच जण धरून चालले होते, कारण असा एकही माणूस कधी सापडला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेत डेनिस ल्युबान, केनेथ कोराख, ऑलिव्हर स्मिथीज आणि सहकाऱ्यांनी हा रिसेप्टर मोडलेला उंदीर तयार केला. उंदीर जन्मला, वाढला, जगला. म्हणजे असा माणूसही असू शकतो. आणि पुढच्याच वर्षी तो सापडला.

१९९४ मध्ये सिनसिनाटीचे एरिक स्मिथ, कोराख आणि सहकारी यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती छापली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि ती अजून थांबलेली नव्हती; बुटांचा नंबर वाढतच चालला होता. गुडघे आत वळलेले. पौगंड वेळेवर आलेलं, दाढी-मिशा, आवाज सगळं नेहमीच्या पुरुषासारखं. टेस्टोस्टेरॉन अगदी सामान्य. पण हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय निघालं १५ वर्षं. वर हाडं विरळ, म्हातारपणी होतात तशी.

रक्तात त्याचं इस्ट्रोजेन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. इथेच डॉक्टरांचं लक्ष अडकलं. माल आहे, पण पोचत नाही. त्याला मोठ्या डोसमध्ये इस्ट्रोजेन देऊन पाहिलं, रक्तातली पातळी दहापटीने चढली, तरी शरीराने काहीच दाद दिली नाही. शेवटी जनुक वाचलं. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात १५७ व्या जागी एकच अक्षर बदललेलं होतं आणि त्यामुळे तिथे 'थांबा' असा संकेत तयार झाला होता. ५९५ अमिनो आम्लांचं प्रथिन १५६ वरच तुटत होतं. दोन्ही प्रती तशाच, एक आईकडून, एक वडिलांकडून. आई-वडिलांकडे प्रत्येकी एक प्रत चांगली होती आणि त्यांना काही त्रास नव्हता.

(जुने पेपर वाचताना एक काळजी घ्या. १९९४ च्या त्या पेपरात नुसतं 'इस्ट्रोजेन रिसेप्टर' असं लिहिलेलं आहे, कारण तेव्हा एकच माहीत होता. दुसरा, बीटा, १९९६ मध्ये उंदराच्या जातीतल्या रॅटच्या प्रोस्टेटमध्ये सापडला. या माणसात बिघडला होता तो अल्फा.)

आता या केसने नेमकं काय सिद्ध केलं, ते तोलून पाहू. याच्याकडे टेस्टोस्टेरॉन होतं, टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर चालू होता, आणि १२-१५ वर्षं ते टेस्टोस्टेरॉन त्याच्या हाडांवर काम करत होतं. तरी पट्ट्या उघड्या. म्हणजे पट्ट्या मिटवायला एकटं टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. एवढं पक्कं. पण 'इस्ट्रोजेन दिलं की मिटतात' हे या माणसात दाखवणं शक्यच नव्हतं, कारण इस्ट्रोजेन घेणारा ग्राहीच नव्हता. शिवाय माणूस एकच. त्याच्यात दुसरंही काही बिघडलेलं नसेल कशावरून, असं कुणी म्हटलं असतं तर नाही म्हणता आलं नसतं.

यासाठी उलट प्रकारचा रुग्ण हवा होता: रिसेप्टर ठीक, पण इस्ट्रोजेन बनतच नाही. म्हणजे अरोमाटेज जन्मतः निकामी. असा एक १९९५ मध्ये न्यूयॉर्कहून मोरिशिमा, ग्रुमबाख आणि सहकाऱ्यांनी छापला. भाऊ-बहीण दोघांनाही हाच दोष होता. भाऊ २४ वर्षांचा, उंची योगायोगाने पुन्हा २०४ सेंटिमीटर, हाडांचं वय १४. दोन्ही गर्भारपणांत त्यांच्या आईच्या शरीरात पुरुषी लक्षणं वाढत गेली होती. कारण गर्भाकडून येणारं अँड्रोजेन वारेतलं अरोमाटेज इस्ट्रोजेनमध्ये बदलून टाकतं, आणि ही वार बाळाच्याच जनुकांनी बनलेली असल्यामुळे तिच्यात चालू अरोमाटेज नव्हतं. बदलायचं राहून गेलेलं अँड्रोजेन आईच्या रक्तात उतरलं. चाळिशीच्या आतल्या एखाद्या उंच माणसाच्या रोगाचा धागा त्याच्या आईच्या गरोदरपणात सापडतो, हे मला या सगळ्या साहित्यातलं सर्वात सुंदर निदान वाटतं. इतिहास विचारणाऱ्या डॉक्टरने आईला प्रश्न विचारला नसता तर ते हुकलं असतं.

पण मला सर्वात जास्त आवडतो तो इटलीतल्या मोदेनाचा पेपर, १९९७ चा. चेझारे कारानी, इव्हान सिम्पसन आणि सहकारी. रुग्ण ३८ वर्षांचा पुरुष, उंची १९० सेंटिमीटरच्या आसपास, अरोमाटेजचं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेलं, हाडांचं वय पंधराच्या जवळपास, हाडं विरळ. म्हणजे चाळिशीला टेकलेल्या माणसाची ग्रोथ प्लेट दहावीतल्या मुलाची.

त्यांनी जे केलं ते क्रमाने पाहा, कारण सगळी ताकद क्रमात आहे. आधी सहा महिने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली. जुना सिद्धांत खरा असता तर एवढ्या टेस्टोस्टेरॉनने पट्ट्या मिटायला लागायला हव्या होत्या. एक्स-रे काढला, काही फरक नाही. हाडांची घनताही तिथेच. नंतर टेस्टोस्टेरॉन बंद करून इस्ट्राडायोलचा पॅच सुरू केला. त्वचेवर चिकटवायची पट्टी, ५० मायक्रोग्रॅमची, आठवड्यातून दोनदा बदलायची. रजोनिवृत्तीनंतर बायकांना देतात तोच नेहमीचा डोस. काही महिन्यांत पट्ट्या मिटल्या. हाडांची घनता चढली.

तोच माणूस, तीच हाडं, तीच जनुकं. बदललं फक्त औषध. इथे वेगळा तुलनागट लागत नाही, कारण माणूस स्वतःच स्वतःचा तुलनागट आहे. आणि क्रम उलटा असता, म्हणजे आधी इस्ट्रोजेन देऊन पट्ट्या मिटवल्या असत्या, तर टेस्टोस्टेरॉनची परीक्षा घ्यायला काही शिल्लकच राहिलं नसतं. मिटलेली पट्टी परत उघडत नाही. प्रयोगाची मांडणी करताना कुठली पायरी परत न फिरणारी आहे हे आधी ओळखायचं असतं. आमच्या गाइड मॅडम हा पेपर दरवर्षी नव्या मुलांना याच कारणासाठी वाचायला देतात.

इथे एक शंका येते, ती मलाही आली होती. ३८ व्या वर्षी इतक्या झटकन कशा मिटल्या? पंधराच्या मुलाला तर अजून दोन-तीन वर्षं लागतात. याचं उत्तर २००१ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री बॅरन यांच्या गटाने सशांवर काम करून दिलं. त्यांचं म्हणणं असं की इस्ट्रोजेन काही पट्टीत थेट हाड भरून ती 'बंद' करत नाही. पट्टीतल्या पेशींना दुप्पट होण्याची मर्यादित शिदोरी असते, ती इस्ट्रोजेनमुळे लवकर खर्च होते. शिदोरी संपली की पट्टी आपोआप मिटते. म्हणून वयाने आधीच बरीच शिदोरी खर्चलेल्या पट्टीवर इस्ट्रोजेन पडलं की ती लवकर मिटते, आणि कोवळ्या पट्टीला जास्त वेळ लागतो. मोदेनाच्या माणसाच्या पट्ट्या इतकी वर्षं सावकाश का होईना खर्चतच होत्या. त्यामुळेच अशा पुरुषांची उंचीही भरभर वाढत नाही. पौगंडातली उसळी त्यांना नीट येतच नाही, ते वर्षानुवर्षं हळूहळू लांबत राहतात.

मग टेस्टोस्टेरॉन उंचीच्या बाबतीत बिनकामाचं का? नाही, आणि इथे बरेच नवे विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात. स्नायू, हाडाची जाडी, यांत त्याचं स्वतःचं काम आहे. ज्या अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन होऊ शकत नाही, उदाहरणार्थ डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, त्यानेही मुलांच्या वाढीचा वेग वाढलेला दिसतो. शिवाय मुलाच्या शरीरात इस्ट्रोजेन बनायला कच्चा माल तेच पुरवतं. खच्ची केलेला गोऱ्हा उंच होतो हे निरीक्षण आजही शंभर टक्के खरं आहे. चुकलं होतं ते फक्त मधल्या दुव्याचं नाव.

जाता जाता एक बाजूची गोष्ट. हाडांच्या वयाचा हाच एक्स-रे आपल्याकडे कोर्टात वय ठरवायला वापरतात. १९८२ च्या जया माला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अशा वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक असू शकते. सिनसिनाटीच्या माणसात ही चूक १३ वर्षांची होती. अर्थात तो अपवादांतला अपवाद, पण एक्स-रे वय मोजत नाही, पट्टीवर हार्मोनचा किती काळ परिणाम झाला ते मोजतो, हे त्याच्यामुळे फार स्वच्छ दिसतं.

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलणारच. त्याचं अरोमाटेज शाबूत आहे. सुरुवातीला वाढीचा वेग थोडा वाढल्यासारखा वाटेल, पण शिदोरीही त्याच वेगाने संपेल आणि पट्टी लवकर मिटेल. उंची वाढवायला घेतलेलं इंजेक्शन उंची थांबवेल. वर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनणं बंद पडेल ते वेगळंच.

त्याने पुढचा प्रश्न विचारला, तो माझ्या अपेक्षेपेक्षा हुशार होता: "मग इस्ट्रोजेन बंद करायची गोळी घेतली तर?" हे करून पाहिलेलं आहे. फिनलंडमध्ये डंकेल यांच्या गटाने पौगंड उशिरा आलेल्या मुलांना टेस्टोस्टेरॉनसोबत लेट्रोझोल, म्हणजे अरोमाटेज रोखणारं औषध दिलं आणि २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं की हाडांचं वय पुढे सरकणं मंदावतं. मोदेनाच्या माणसाकडून निघालेला विचार थेट दवाखान्यात पोचला होता. पण अंदाजित उंची वाढणं आणि शेवटी भिंतीला टेकून मोजलेली उंची वाढणं यांत अंतर असतं, आणि पुढे याच गटाला लेट्रोझोल घेतलेल्या काही मुलांच्या मणक्यांच्या आकारात बिघाड दिसले. इस्ट्रोजेनशिवाय हाड विरळ होतं हे त्या तीन पुरुषांनी आधीच सांगितलं होतं. आणि मुख्य म्हणजे पट्टी एकदा मिटली असेल तर असल्या गोळीचा उंचीला काडीचाही उपयोग नाही.

म्हणून शेवटी त्याला म्हटलं, आधी एक्स-रे काढ. जालन्याला जाऊन डाव्या हाताचा काढला. फिल्म मी खिडकीसमोर धरून पाहिली. बोटांच्या पट्ट्या केव्हाच मिटलेल्या. मनगटाशी, अंगठ्याकडच्या लांब हाडाच्या टोकाला, जिथली पट्टी सर्वात शेवटी जाते, तिथे फट उरली नव्हती. एक बारीक पांढरी रेघ होती फक्त.